मदत हवी आहे: झोपून काढलेल्या एक्स-रेवर हार्ट फेल्युअर कितपत ठरवता येईल?

वॉर्डात ६८ वर्षांच्या बाई आहेत. धाप लागते, पायांवर सूज आहे, ताप-खोकला नाही. उभं राहता येत नाही म्हणून पोर्टेबल मशीनवर झोपूनच छातीचा एक्स-रे काढलाय, म्हणजे एपी फिल्म. पीए सध्या शक्य नाही. ऑक्सिजन आणि फ्युरोसेमाइड सुरू आहे, तेव्हा प्रश्न फक्त फिल्म वाचण्याचा.

हृदयाची रुंदी १६ सेंमी, छातीची आतली रुंदी २८, म्हणजे गुणोत्तर ०.५७. पण ०.५० ची मर्यादा पीएसाठी. एपीत हृदय मोठंच दिसतं, शिवाय श्वास अर्धवट घेतलाय (पुढच्या जेमतेम पाच बरगड्या मोजता येतात). त्यामुळे या आकड्यावर माझा फारसा भरवसा नाही. वरच्या भागातल्या शिरा ठळक आहेत, पण आडवं झाल्यावर त्या तशाही भरतात.

उजवीकडे खालपासून वरपर्यंत पातळ पडद्यासारखा धूसरपणा आहे आणि त्यातून फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या स्पष्ट दिसतात. कोपरा मात्र फारसा बोथट नाही. पाणी पाठीमागे पसरलं असावं असं वाटतं. फिल्म फिरलेली नाही. दोन्ही कॉलरबोनची टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर आहेत. कर्ली बी रेषा शोधल्या, खात्रीने सापडल्या नाहीत.

सोनोग्राफी आणि इको उद्या होईल. तोवर दोनच गोष्टी सांगा: अशा फिल्मवर हृदय खरंच मोठं आहे असं तुम्ही कोणत्या आकड्यापुढे म्हणता? आणि हा एकाच बाजूचा धूसरपणा पाणीच समजावा, की आणखी काही तपासून पाहावं?