मदत हवी आहे: गुळाच्या गोळीचा व्हिडिओ साडेतीन मिनिटांचा करू की आठचा?

गुऱ्हाळकरी_करवीर

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात आमचं घरचं गुऱ्हाळ आहे. दोन हंगाम झाले, तिथलेच व्हिडिओ यूट्यूबवर टाकतोय. मागच्या महिन्यात कमाई चालू झाली आणि तेव्हापासून भाच्यानं डोकं खाल्लंय: "मामा, आठ मिनिटांच्या खाली एकही टाकायचा नाही, मधली जाहिरात लागत नाही."

त्याचं ऐकून "गुळाची गोळी कशी ओळखायची" हा व्हिडिओ ८:२० चा केला. पाक काहिलीतून कधी उतरवायचा, एवढाच विषय. पण मिनिटं भरायची म्हणून आधी पंचगंगेवरचं ड्रोन, मग ऊसतोड, मग चुलवाण, मग वडलांची मुलाखत. सरासरी लोक २ मिनिटं १० सेकंद बघतात, म्हणजे २६ टक्के.

आता गंमत बघा. त्याआधी "उसापासून ढेपेपर्यंत" हा २२ मिनिटांचा व्हिडिओ काही विचार न करता टाकला होता. तो लोक सरासरी पावणेआठ मिनिटं बघतात. लांब चालतो आणि मधला पडतो, हे काय गणित आहे? लांबी ठरवायची तरी कशी?

पप्पू_शाहूपुरी

भावा, आता कुणाला वेळ हाय? तीन मिनिटांच्या आत आवर. ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्टसुद्धा तीन मिनिटांपर्यंत चालतो. उभा शूट कर, विषय संपला. २२ मिनिटं बघणारी माणसं म्हणजे तुझे पाहुणेच असणार.

घाटवाट_गगनबावडा

आमच्याकडे रेंजची बोंब आहे, त्यामुळे मी तरी फाइल ५०० एमबीच्या वर जाऊ देत नाही. १०८० ऐवजी ७२० वर काढा, साइज निम्म्यावर येईल.

गुऱ्हाळकरी_करवीर

@घाटवाट, दादा, साइज नव्हे, मिनिटं विचारतोय 😄 पण ७२० चं लक्षात ठेवतो, आमच्या मळ्यातही तीच बोंब आहे.

@पप्पू, पाहुणे पहिल्याच मिनिटाला लाइक करून पळतात. ही माणसं वेगळी आहेत.

मधुरा_एडिट

मी राजारामपुरीत बसून दुसऱ्यांचे व्हिडिओ कापते, रोजचंच काम आहे. टक्के थोडे बाजूला ठेवा. २६ आणि ३५ टक्के शेजारी ठेवून काही कळत नाही, कारण व्हिडिओ जितका लांब तितके टक्के उतरतातच. स्टुडिओत प्रेक्षक टिकून राहण्याचा आलेख असतो, तो उघडा आणि दोन गोष्टी सांगा. पहिल्या अर्ध्या मिनिटानंतर किती माणसं उरतात? आणि रेघ कुठे वर उठते का?

गुऱ्हाळकरी_करवीर

गोळीच्या व्हिडिओत ३० सेकंदांना ६१ टक्के. दीड मिनिटाला ३८. मग खाली खाली जात ५:१० ला एकदम टेकडी येते. माझे मामा पळीनं पाक गार पाण्यात सोडतात, तीच जागा. सहा मिनिटांनंतर सगळे गेले.

२२ मिनिटांच्या व्हिडिओत सुरुवातीला पडझड आहे, पण सहाव्यापासून सतराव्या मिनिटापर्यंत रेघ जवळजवळ आडवी. त्यात काहिलीत भेंडीचं पाणी घालणं, मळी काढणं, पाकाला येणारे बुडबुडे, एवढंच आहे. बोलणंही फारसं नाही.

मधुरा_एडिट

मग उत्तर तुमच्या आलेखातच आहे. रेघ दोन कारणांनी वर उठते. एक, लोक मागे जाऊन तेच पुन्हा बघतात. दोन, पुढे उड्या मारत येतात आणि तिथे थांबतात. टेकडीच्या आधी रेघ सपाट असेल तर बहुतेक पहिलं, आधी खड्डा असेल तर दुसरं. तुमच्याकडे खड्डा आहे. माणसं गोळी शोधत आली, ड्रोन-मुलाखत ओलांडून थेट पळीपाशी गेली, बघितलं आणि निघाली. त्यांना कंटाळा आला असं म्हणू नका. त्यांचं काम झालं.

आता एक टॅब अजून उघडा. माणसं कुठून येतात ते ट्रॅफिकमध्ये दिसतं. माझा अंदाज, गोळीचा व्हिडिओ बहुतेक शोधून बघितला जातो. शोधून आलेल्या माणसाची काहील कदाचित चुलवाणावर उकळत असते, त्याला धीर कुठला? २२ मिनिटांवाला सुचवलेल्या व्हिडिओंतून येतो, रात्री जेवून आडवा झालेला असतो. त्याला पाक आटताना बघायचाच आहे. तो तुम्ही घाईनं आटवलात तर तो उठून जाईल.

गुऱ्हाळकरी_करवीर

बघितलं. गोळीचा ७० टक्क्यांच्या वर शोधातून. तुम्ही काय ज्योतिषी आहात काय!

मग गोळीचा व्हिडिओ दोन मिनिटांचा करू?

मधुरा_एडिट

दोनही नका ठरवू, आठही नका. आधी कागदावर लिहा: हा व्हिडिओ बघून माणसाला काय करता आलं पाहिजे? आणि त्यासाठी त्यानं डोळ्यांनी काय काय बघायलाच हवं? गुळाचं मला कळत नाही, तुम्ही सांगा.

गुऱ्हाळकरी_करवीर

पाक गार पाण्यात सोडला की लवकर असेल तर पसरतो, बोटाला चिकटतो. बरोबर आला असेल तर बोटांत गोळी वळते, ती पातेल्यावर मारली की टण्ण वाजते. पुढे गेला असेल तर कडक होतो, रंगही काळपटतो. मी फक्त बरोबर आलेली गोळी दाखवली होती. आता वाटतंय तिन्ही दाखवायला हवं होतं.

मधुरा_एडिट

म्हणजे विषय तुम्ही समजत होता त्यापेक्षा खोल निघाला, पण आठ मिनिटांइतका नाही. तीन गोळ्या, प्रत्येकीला ४० ते ५० सेकंद, टण्ण आवाज दोनदा, त्यावर संगीत नको. सुरुवातीला दहा सेकंदांत तिन्ही गोळ्या शेजारी ठेवून दाखवा. शेवटी "उतरवायला उशीर झाला तर" यावर अर्धं मिनिट. एकूण जे येईल ते येईल. आणि भाच्याला सांगा, आठ मिनिटांची अट खरी आहे, जुलै २०२० च्या आधी तर ती दहाची होती. पण चौथ्या मिनिटाला लावलेली जाहिरात दुसऱ्या मिनिटाला उठलेल्या माणसाला दिसणार कशी?

सर_मंगळवार_पेठ

मी दहावीचं गणित शिकवतो, माझे तास ५० मिनिटांचे. पोरं अख्खा तास बघत नाहीत म्हणून वाईट वाटायचं. मग ०:०० पासून वेळा लिहून धड्याचे भाग पाडले. आता पोरं "वर्गसमीकरण" वर टिचकी मारून थेट तिथे जातात. सरासरी वेळ आणखी घटला, पण आभाराचे मेसेज वाढले. मग हा व्हिडिओ चांगला की वाईट?

मधुरा_एडिट

सर, तुमच्या पोरांसाठी चांगला. तो जास्त लोकांना सुचवला जाईल का, ते मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

पप्पू_शाहूपुरी

म्हणजे माझं तीन मिनिटांचं बरोबरच निघालं की 😎

मधुरा_एडिट

गोळीपुरतं जवळपास. २२ मिनिटांवाला तीन मिनिटांत आणून दाखवा, मग बोलू. आणि गोळी पडद्यावर मोठी दिसायला हवी, उभं शूट चालेल की नाही ते करून बघावं लागेल.

गुऱ्हाळकरी_करवीर

काल आदण उतरायच्या वेळी शूट केलं. कच्ची गोळी मुद्दाम दाखवायची म्हटल्यावर मामा चिडले, "चुकीची गोळी लोकांना दाखवतोस व्हय?" जास्त पुढे गेलेल्या गोळीसाठी वाटीभर पाक वेगळा आटवला, अख्खी काहील बिघडवायला कोण देणार! कापून ३ मिनिटं ४० सेकंद झाला.

आता अडलंय इथे. जुना व्हिडिओ स्टुडिओत कापता येतो, लिंक आणि कमेंट तशाच राहतात, पण नवीन दोन गोळ्या त्यात घालता येत नाहीत. नवीन टाकला तर जुना ठेवू की काढू? जुन्याला शोधातून रोज माणसं येतायत. भाचा म्हणतो दोन्ही ठेव.

मधुरा_एडिट

जुना काढू नका. त्यातले ड्रोन आणि मुलाखत कापा, वर्णनात नव्याची लिंक द्या आणि महिनाभर दोन्हींचे आलेख बघा. वडलांची मुलाखत फेकू नका, ती २२ मिनिटांवाल्याच्या माणसांसाठी आहे.