मदत हवी आहे: ज्येष्ठ नागरिकांच्या गटात बोलायचंय, दर महिन्याला फोनच्या कुठल्या पाच सेटिंग बघायला सांगू?

सायली७
नमस्कार मंडळी, एका ज्येष्ठ नागरिक गटात मला पाऊण तास बोलायचंय. विषय त्यांनीच दिलाय, फोन सुरक्षित राहावा म्हणून दर महिन्याला कुठल्या पाच सेटिंग बघायच्या. बहुतेकांकडे ॲन्ड्रॉइड आहे पण प्रत्येकाच्या फोनची कंपनी वेगळी, दोन-तीन जणांकडे आयफोन. मी यादी काढली ती अशी, स्क्रीन लॉक, सॉफ्टवेअर अपडेट, ॲपच्या परवानग्या, व्हॉट्सॲपला जोडलेली उपकरणं आणि बाहेरून ॲप टाकायची परवानगी. पण लिहून झाल्यावर वाटलं की स्क्रीन लॉक एकदा लावलं की लावलं, त्यात दर महिन्याला बघायचं काय? आणि परवानग्यांचं पान उघडलं की ढीगभर ॲप दिसतात, कॅमेरा कोणाला माइक कोणाला, तिथेच सगळे गोंधळतील. तर कोणी असं शिकवलं असेल तर सांगा काय ठेवू, काय काढू.

मुक्तछंद
पहिलं म्हणजे सगळ्यांना `*#21#` डायल करायला लावा. फोन हॅक झालाय का ते लगेच कळतं. आणि हॅक झाला असेल तर `##002#` केलं की सगळं साफ. नाहीतर ओटीपीचे मेसेज दुसऱ्याकडे जात राहतात आणि आपल्याला पत्ताच नसतो. बाकी काही नाही सांगितलं तरी चालेल.

तारामंडळ
सायलीताई, मी असे वर्ग बरीच वर्षं घेतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमची शंका बरोबर आहे. महिन्याला त्याच गोष्टी बघायच्या ज्या आपल्या नकळत बदलू शकतात. स्क्रीन लॉक आणि अपडेट पहिल्याच दिवशी करून टाका, मासिक यादीत नको. माझी यादी अशी: ॲक्सेसिबिलिटी, बाहेरून ॲप टाकायची परवानगी, व्हॉट्सॲपची जोडलेली उपकरणं, कॉल फॉरवर्डिंग, आणि नोटिफिकेशन वाचायची परवानगी. पाचव्याबद्दल माझं स्वतःचं मत अजून पक्कं नाही, त्यावर नंतर.

सगळ्यात जास्त वेळ ॲक्सेसिबिलिटीला द्या. ही सोय कमी दिसणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या लोकांसाठी आहे, म्हणून तिथे परवानगी मिळालेलं ॲप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि आपल्या वतीने बटणंही दाबू शकतं. फसवणारी ॲप नेमकी हीच परवानगी मागतात. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडून खाली डाउनलोड केलेल्या किंवा इन्स्टॉल केलेल्या ॲपचा भाग असतो तो बघायचा, कंपनीप्रमाणे नाव थोडं बदलतं.

एका आजोबांच्या फोनमध्ये तिथे तीन गोष्टी चालू होत्या. एक मोठं करून दाखवणारं भिंग, ते त्यांना लागतंच. दुसरं त्यांच्या श्रवणयंत्राचं ॲप, तेही बरोबर. तिसरं व्हिडिओ प्लेअर असं नाव असलेलं काहीतरी. आता व्हिडिओ प्लेअरला स्क्रीन वाचायची गरज कशाला? आम्ही ते बंद करायला त्यावर बोट ठेवलं की फोन आपोआप होम स्क्रीनवर जायचा, परत केलं तर परत तेच. ही खूण लक्षात ठेवा, ॲप स्वतःच होमचं बटण दाबून आपल्याला हुसकावत असतं. ॲपच्या चित्रांमध्ये शोधलं तर त्याचं चित्रच नाही, फक्त सेटिंगमधल्या सगळ्या ॲपच्या यादीत सापडलं. मग मागे जाऊन बघितलं तर बाहेरून ॲप टाकायची परवानगी त्यांच्या मेसेजिंग ॲपला दिलेली होती आणि प्ले स्टोअरमधलं ॲप तपासणारं प्ले प्रोटेक्ट बंद होतं. म्हणजे कोणीतरी मेसेजमधून फाइल पाठवली, फोनवर बोलत बोलत एकेक बटण दाबून घेतलं.

आम्ही आधी वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्ही बंद केले, मग पॉवर ऑफचं बटण दाबून धरून फोन सेफ मोडमध्ये चालू केला, तिथे बाहेरून टाकलेली ॲप चालत नाहीत त्यामुळे हुसकावणं थांबलं. त्या ॲपची ॲक्सेसिबिलिटी बंद केली, फोनवर जास्तीचे अधिकार दिलेल्या ॲपच्या, म्हणजे डिव्हाइस ॲडमिनच्या यादीतूनही काढलं आणि मग ते उडवता आलं. बँकेला फोन आणि पासवर्ड बदलणं मात्र दुसऱ्याच्या फोनवरून केलं, हे फार महत्त्वाचं आहे, त्याच फोनवर नवीन पासवर्ड टाकला असता तर तोही गेला असता. शेवटी फोटो काढून घेऊन फोन रीसेटही केला, कारण त्या ॲपने अजून काय आणून ठेवलंय ते खात्रीने सांगता येत नाही.

जुनाखोड
ताई मला श्रवणयंत्र आहे आणि दिसायलाही कमी दिसतं, मग मी ॲक्सेसिबिलिटी बंद करायची का? माझ्या नातवाने पण एकदा तिथे जाऊन सगळं बंद करून टाकलं होतं, दोन दिवस मला फोनवर काही नीट ऐकूच येईना. आणि अक्षर मोठं कसं करायचं तेही कोणीतरी सांगा.

तारामंडळ
नाही काका, अजिबात बंद करू नका! अक्षर मोठं करायचं सेटिंग तर डिस्प्लेमध्येही मिळतं आणि त्याने काही धोका होत नाही. तुमचं उदाहरण सायलीताईंनी जरूर सांगावं असं मला वाटतं, कारण घाबरून सगळं बंद करणं हा वर्गात हमखास होणारा प्रकार आहे. म्हणून मी पहिल्या दिवशी प्रत्येकाला कार्ड करायला लावते. आज ॲक्सेसिबिलिटीत काय काय चालू आहे, व्हॉट्सॲपला कुठली उपकरणं जोडलेली आहेत, हे सगळं नावानिशी कागदावर लिहायचं. पुढच्या महिन्यात फक्त कागदाशी ताडून बघायचं. कागदावर नसलेलं काही दिसलं तर आपण होऊन हात लावायचा नाही, घरातल्या कोणाला दाखवायचं. ज्याला तांत्रिक काही कळत नाही त्यालाही नवीन नाव ओळखता येतं.

सायली७
कार्डाची कल्पना फार आवडली, हेच करते. पण मुक्तछंद म्हणतायत तो `*#21#` चा कोड घेऊ का नको?

तारामंडळ
घ्या, पण काय म्हणून घेताय ते नीट सांगा. त्या कोडने हॅक झालाय का ते कळत नाही, कॉल सरसकट दुसऱ्या नंबरवर वळवलेत का एवढंच कळतं. आणि कॉल फॉरवर्डिंगने मेसेज वळत नाहीत मुक्तछंद, फक्त कॉल वळतात. धोका तरीही खरा आहे कारण ओटीपी फोन करूनही सांगितला जातो. व्हॉट्सॲप नव्या फोनवर चालू करताना कोड कॉलने मागवता येतो, कॉल वळवलेला असेल तर तो कोड तिकडचा माणूस ऐकतो आणि तुमचं खातं त्याच्याकडे. म्हणून कोणी अमुक कोड लावा म्हणून `**21*` पासून सुरू होणारा आकडा सांगितला तर लावायचा नाही, तिथेच कॉल वळतो.

अजून एक, हे फॉरवर्डिंग फोनमध्ये नसतं, नेटवर्ककडे तुमच्या नंबरच्या नावावर साठवलेलं असतं. फोन रीसेट केला, नवीन घेतला तरी ते तसंच राहतं. दोन सिम असतील तर दोन्हींवर वेगवेगळं बघायचं.

मुक्तछंद
अच्छा, मेसेज जात नाहीत हे मला माहीत नव्हतं, आमच्या ग्रुपवर तसंच फिरत होतं. पण `##002#` ने सगळं फॉरवर्डिंग जातं हे तरी बरोबर ना?

तारामंडळ
ते बरोबर, सगळ्या प्रकारचं जातं. फक्त त्यात कोणाची व्हॉइसमेल असेल तर तीही जाते, म्हणून सरसकट सगळ्यांना वर्गात लावायला सांगू नका. आधी बघायचं, मग गरज असेल तर पुसायचं.

अबोध
माझ्या आईचा फोन आजकाल वाजतच नाही, लोक म्हणतात आम्ही केला होता. हे वाचून आत्ता बघितलं, `*#21#` ला काही वळवलेलं नाही असं आलं पण `*#62#` ला एक अनोळखी नंबर दिसतोय. मी घाबरलोय, लगेच पुसू का?

तारामंडळ
घाबरू नका, `*#62#` म्हणजे फोन बंद किंवा रेंजबाहेर असताना कॉल कुठे जातो ते. पुष्कळदा तिथे कंपनीच्याच व्हॉइसमेलचा नंबर असतो. तो नंबर लिहून घ्या आणि सिम कंपनीच्या ग्राहक सेवेला विचारा तुमचाच आहे का. नाही म्हणाले तर पुसा. फोन न वाजण्याचं कारण डू नॉट डिस्टर्बही असू शकतं, वरून पट्टी खाली ओढून बघा चंद्राचं चिन्ह चालू आहे का.

अबोध
चंद्र चालू नाहीये. ग्राहक सेवेला लावतो, कळलं की लिहितो.

रानवारा
मी नोकरीत हेच काम करतो त्यामुळे थोडी भर घालतो. बाहेरून ॲप टाकायची परवानगी, स्क्रीनवर `Install unknown apps` असं दिसतं, तिथे सगळ्या ॲपपुढे परवानगी नाही असंच असायला हवं, ताडून बघायला सगळ्यात सोपी गोष्ट. आणि ॲन्ड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी द्यायला गेलं की बटण राखाडी असतं. फसवणारा मग ॲपच्या माहितीच्या पानावरच्या तीन ठिपक्यांत जाऊन `Allow restricted settings` दाबायला सांगतो. हे शब्द फळ्यावर लिहाच, कोणी फोनवरून हे दाबा म्हणालं की फोन ठेवायचा. मात्र काही ॲप ही आडकाठी चुकवूनही आत येतात, तेव्हा बटण राखाडी नव्हतं म्हणून ॲप चांगलं असं समजू नका.

पाचव्याबद्दल माझं मत वेगळं आहे. नोटिफिकेशन वाचायच्या परवानगीपेक्षा गुगल खात्यात कुठली उपकरणं साइन इन आहेत ते बघावं, कारण खातं गेलं की फोटो, मेल, सगळंच जातं.

तारामंडळ
मान्य, पण ओटीपीचा मेसेज नोटिफिकेशनमध्येच दिसतो आणि ती परवानगी असलेलं ॲप तो वाचू शकतं, म्हणून मी ते धरते. स्मार्टवॉचच्या ॲपला ती लागते, तेवढी कार्डावर लिहून ठेवायची. खात्याचं बघायला पासवर्ड आठवावा लागतो का काय म्हणून वर्गात अर्धे लोक तिथेच अडकतात असा अनुभव आहे.

रानवारा
पासवर्ड दरवेळी मागत नाही, सेटिंगमधून गुगलवर गेलं की सुरक्षेच्या भागात यादी दिसते. तरी वेळेचं तुमचं म्हणणं खरं आहे. सायलीताई, तुम्हीच ठरवा.

सायली७
सध्या नोटिफिकेशन ठेवते, गुगलचं कार्डाच्या मागच्या बाजूला. व्हॉट्सॲपच्या यादीत ब्राउझरचं नाव आणि शेवटचं कधी वापरलं ते दिसतं, मी माझ्यावर करून बघितलं, पण आजींना तो त्यांच्याच मुलाचा लॅपटॉप आहे हे कसं कळणार?

तारामंडळ
तिथल्या तिथे मुलाला फोन करून विचारायचं. ओळख पटली नाही तर त्या नावावर दाबून लॉग आउट करायचं, चॅट जात नाहीत. मुलाचाच निघाला तर परत जोडता येतो. आपल्या फोनवर व्हॉट्सॲप १४ दिवस उघडलंच नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप सुटतात, पण रोज वापरणाऱ्याच्या फोनवर ती तशीच राहतात, म्हणून महिन्याला बघायचं.

सायली७
आयफोनवाल्यांचं काय? त्यांना कार्डावर काय लिहायला देऊ?

रानवारा
व्हॉट्सॲप आणि कॉल फॉरवर्डिंग तेच. आयफोनवर बाहेरचं ॲप ॲक्सेसिबिलिटीतून असा ताबा घेऊ शकत नाही, त्याऐवजी जनरलमध्ये `VPN & Device Management` उघडून तिथे फोनची सेटिंग बाहेरून ठरवणारं अनोळखी प्रोफाइल नाही ना ते बघायला सांगा. कोणाचा फोन ऑफिसने दिलेला असेल तर तिथे ऑफिसचं प्रोफाइल असतं, तेवढं आधी विचारून घ्या.