मदत हवी आहे: थिसिसमध्ये डिफरन्स-इन-डिफरन्स कसं समजावू? योजनेचे जिल्हे आधीपासूनच मागे होते

रानवाट: पब्लिक पॉलिसीत एमए करतेय, थिसिस शाळेतल्या हजेरीवरच्या एका सरकारी योजनेवर आहे. योजना 2018 मध्ये काही जिल्ह्यांत आली, बाकीच्यांत नाही. 2017 मध्ये योजनेच्या जिल्ह्यांत सरासरी हजेरी 62 टक्के होती, 2019 मध्ये 71 झाली. इतर जिल्ह्यांत 74 ची 78. म्हणजे इकडे 9 ने वाढ, तिकडे 4 ने, योजनेचा परिणाम 5 पॉइंट, असं लिहिलंय. गाइड सर म्हणतात की हे जिल्हे मुळातच मागास होते मग तुलना होतेच कशी, आणि मला त्यांना पटेल असं उत्तरच देता येत नाहीये. मेथडॉलॉजी चॅप्टरमध्ये हे कसं मांडू?

ताळेबंद: सोपं आहे. पॅरलल ट्रेंडची टेस्ट लावायची, पी व्हॅल्यू 0.05 च्या वर आली की गृहीतक सिद्ध झालं, पुढचा चॅप्टर घ्यायचा. आमच्याकडे सगळ्यांनी असंच केलंय.

जुना_आकडेमोड्या: ताळेबंद, आधीचा ट्रेंड बघायचा हे बरोबरच, पण सिद्ध काही होत नाही हो. जिल्हे कमी असले की टेस्टला फरक दिसतच नाही, तो असला तरी. शिवाय गृहीतक आहे 2018 नंतरचं, की योजना आलीच नसती तर दोन्हीकडची हजेरी सारखीच हलली असती, आणि ते कुणालाच बघता येत नाही, आधीची वर्षं फक्त भरवसा देतात.

रानवाट, सरांना एवढंच सांग की मागे असणं चालतं, मागे पडत जाणं चालत नाही. 12 पॉइंटची दरी वर्षानुवर्षं तेवढीच असती तर काहीच अडचण नव्हती, कारण वजाबाकीत ती उडून जाते. म्हणून मला आधी हे सांग की 2015 आणि 2016 चे आकडे काय आहेत आणि जिल्हे निवडले कशावरून?

रानवाट: योजनेच्या जिल्ह्यांत 2015 ला 67, 2016 ला 66. इतरांत दोन्ही वर्षी 75. निवड 2017 च्या हजेरीवरून झाली, सगळ्यात खालचे जिल्हे घेतले. त्या वर्षी त्यातल्या बऱ्याच ठिकाणी दुष्काळ होता.

जुना_आकडेमोड्या: मग खरी गोम इथेच आहे. दरी बघ, 2015 ला 8, 2016 ला 9, 2017 ला एकदम 12, आणि 2019 ला 7. तू 12 वरून 7 मोजलंस म्हणून 5 आले. 2016 पासून मोजलंस तर 2, 2015 पासून 1. वाईट वर्ष बघून जिल्हे निवडले की पुढच्या वर्षी ते आपोआप थोडे वर येतातच आणि ते श्रेय योजनेला मिळतं. अर्थशास्त्रात याला ॲशेनफेल्टरचा खड्डा म्हणतात, ट्रेनिंगला येणाऱ्या लोकांची कमाई येण्याच्या अगदी आधी घसरलेली असते, त्यावरून नाव पडलं. हे लपवू नकोस, पहिला ग्राफ हाच टाक. वर्षवार परिणाम काढताना बेस 2016 ठेव म्हणजे 2017 चा खड्डा डोळ्यांना दिसेल, आणि एरर जिल्ह्यावर क्लस्टर कर कारण योजना जिल्ह्याला मिळाली, मुलाला नाही. R मध्ये fixest पॅकेज लोड करून हे चालव:

```
feols(hajeri ~ i(year, yojana, ref = 2016) | jilha + year,
      cluster = ~jilha, data = d)
```

पायवाट७: माझंही असंच अडलंय म्हणून इथेच विचारते, विषय मनरेगा आहे. 2006 ला 200 जिल्हे, 2007 ला आणखी 130, 2008 ला उरलेले. तर मी 2010 पर्यंतचा डेटा एकत्र घेऊन एकच आधी-नंतर असा डमी टाकला तर चालेल ना?

जुना_आकडेमोड्या: पायवाट, तुझा प्रश्न वेगळा आहे. 2008 नंतर योजना नसलेला जिल्हाच उरत नाही, मग ते रिग्रेशन आधी योजना आलेल्यांनाच कंट्रोल धरतं आणि परिणाम हळूहळू वाढत असेल तर उत्तर बिघडतं. कॅलवे आणि सँटाना यांची पद्धत बघ आणि तुलना 2008 च्या आधीच थांबव. वेगळा धागा काढ, तिथे बोलू.

ताळेबंद: रानवाट, मग 2017 ला दुष्काळ पडला पण योजना मिळाली नाही असे जिल्हेच कंट्रोल घे की. त्यांचाही खड्डा, तेही वर येणार.

जुना_आकडेमोड्या: हे चांगलं सुचवलंत. फक्त एक बघावं लागेल, की ते जिल्हे आधी 75 च्या आसपास असतील तर ते 75 कडे परत जातील आणि हिचे 66-67 कडे, म्हणजे वर येणं सारखं नसेल. 2017 ला तेही 62 च्या आसपास घसरले असतील तर ते जास्त वर येतील आणि परिणाम उलट कमीच दिसेल.

रानवाट: असे 6 जिल्हे आहेत, पण क्लस्टरिंगला 6 फारच कमी ना? आणि 2015 च्या आधीचे आकडे वेगळ्या फॉर्ममध्ये भरलेत, हजेरी एका ठरावीक दिवशीची आहे, महिन्याची नाही. ते जोडू का सोडू?

जुना_आकडेमोड्या: 6 वर एरर भरवशाचे येत नाहीत, परम्युटेशन करून बघ. जुने आकडे पातळीसाठी नको, पण फॉर्म दोन्हीकडे सारखाच बदलला असेल तर दरी सरळ चाललीय का एवढं बघायला वापरता येतील. तो बदल सगळीकडे एकाच वर्षी झाला का, हे आधी शोध.