टाकीतला अर्धवट स्क्वॉश: ३१ मार्चच्या साठ्याला सरसकट ४० टक्के लावावेत का?

धागाकर्ता, हिंगणा एमआयडीसी
आमच्या संत्रा स्क्वॉशच्या कारखान्यात मार्चमध्ये १०,००० लिटरचे काम सुरू झाले, त्यापैकी ८,००० लिटर बाटलीबंद झाले आणि २,००० लिटर ३१ तारखेला टाकीत ४० टक्के तयार अवस्थेत होते. महिन्याच्या सुरुवातीला अपूर्ण माल नव्हता. रस व साखर ६,००,००० रुपये, मजुरी, वाफ व वीज १,७६,००० रुपये आणि बाटल्या व लेबले ८०,००० रुपये असा खर्च आला. मी ८,००० मध्ये २,००० चे ४० टक्के म्हणजे ८०० मिळवून ८,८०० समतुल्य एकके, म्हणजे पूर्ण तयार लिटरइतके काम, धरून एकूण खर्चाला भाग दिला आणि अपूर्ण मालाची किंमत ७७,८१८ रुपये काढली. मालक म्हणतात की ही किंमत फार कमी आहे. कोण बरोबर?

निवृत्त कॉस्ट अकाउंटंट, खामला
मालक बरोबर आहेत. रस आणि साखर पहिल्याच टप्प्यात टाकीत पडतात, म्हणून त्या बाबतीत ते २,००० लिटर पूर्ण झालेले आहेत; बाटली अगदी शेवटी लागते, म्हणून त्या बाबतीत ते शून्य आहेत. ४० टक्के हा आकडा फक्त मजुरी, वाफ आणि विजेला लागू पडतो. त्यामुळे भाजक तीन वेगळे येतात: रस-साखरेसाठी १०,०००, म्हणजे लिटरला ६० रुपये, मजुरी, वाफ व वीज या रूपांतराच्या खर्चासाठी ८,८००, म्हणजे २० रुपये, आणि बाटल्यांसाठी ८,०००, म्हणजे १० रुपये. टाकीतल्या मालाची किंमत १,२०,००० अधिक १६,०००, अशी १,३६,००० रुपये होते. तयार माल ९० रुपये दराने ७,२०,००० रुपयांचा, आणि दोन्हींची बेरीज ८,५६,०००, म्हणजे झालेला सगळा खर्च. मात्र ही बेरीज तुमच्या पद्धतीनेही जुळली असती, म्हणून केवळ बेरीज जुळली एवढ्यावर समाधान मानू नये. टाकीतल्या एका लिटरला तुम्ही जेमतेम ३९ रुपये लावले आहेत, आणि त्यात नुसता रस व साखरच ६० रुपयांची आहे. चूक तिथे दिसते.

बी.कॉम. विद्यार्थिनी, धरमपेठ
काका, मग लेखापरीक्षक टाकी मोजायला आले तर त्यांना ८०० लिटरच सापडले पाहिजेत ना?

निवृत्त कॉस्ट अकाउंटंट, खामला
नाही, बेटा. त्यांना २,००० लिटरच सापडतील. ८०० हा आकडा द्रवाचा नसून कामाचा आहे: २,००० लिटरवर जेवढी मेहनत झाली, तेवढ्यात ८०० लिटर सुरुवातीपासून शेवटपर्यंत तयार झाले असते.

उत्पादन पर्यवेक्षक, बुटीबोरी
तीन भाजक मला मान्य आहेत, परंतु ४० टक्के मान्य नाहीत. दहा तासांपैकी चार तास झाले म्हणून ४० टक्के, हा घड्याळाचा हिशेब झाला. तापवण्याचे काम त्या चार तासांतच उरकते आणि बॉयलरचे बहुतेक इंधन तिथेच जळते, तर पुढच्या सहा तासांत मुख्यतः गाळणे व भरणे असते. मी ८० टक्के धरले असते.

निवृत्त कॉस्ट अकाउंटंट, खामला
इंधनाबाबत तुमचे म्हणणे रास्त आहे, पण मजुरी नेमकी उलट, नंतरच्या तासांत जास्त लागते, म्हणून दोन्हींना मिळून ८० टक्के लावणे मला पटत नाही. वाफेचा खर्च मोठा असेल, तर तो वेगळा काढून त्याला स्वतंत्र टक्केवारी द्यावी. तरीही तुमचे ८० टक्के लावून पाहिले, तर भाजक ९,६०० होतो, दर १८.३३ रुपयांवर येतो आणि टाकीतल्या मालाची किंमत १,४९,३३३ होते. टक्केवारी दुप्पट करूनही फरक १३,३३३ रुपयांचाच पडला. सरसकट ४० टक्क्यांची चूक मात्र ५८,१८२ रुपयांची होती. माझी काळजी वेगळीच आहे. हा अंदाज वाढवला की वर्षाचा नफा वाढतो, म्हणून प्रत्येक टप्प्याची टक्केवारी वर्षअखेरीच्या आधीच लिहून ठेवलेली असावी.

लेखापाल, सूतगिरणी
आमच्याकडे खरा वाद पुढच्या महिन्यात उभा राहतो. एप्रिलमध्ये या २,००० लिटरवर नवा रस पडणार नाही, रूपांतराचे १,२०० लिटरइतके काम उरेल आणि बाटल्या पूर्ण २,००० लिटरला लागतील. आधीचा माल आधी पूर्ण झाला असे धरणारी फिफो पद्धत एवढेच काम एप्रिलचे मानते; भारित सरासरी मार्चचा खर्च एप्रिलमध्ये मिसळून टाकते. आमच्या गिरणीत कापसाचा भाव महिन्यागणिक बदलतो, आणि सरासरीमुळे या महिन्यात काम महाग पडले की मागच्या, हे व्यवस्थापनाला कळतच नाही.

निवृत्त कॉस्ट अकाउंटंट, खामला
लेखा मानक २ दोन्ही पद्धतींना मुभा देते. लहान कारखान्यात महिनाअखेरीचा अपूर्ण माल थोडा असेल, तर मी सरासरीच घेतो, कारण फिफोमध्ये जुन्या साठ्याची नोंद वेगळी सांभाळावी लागते आणि तिथेच चुका होतात.

लेखापाल, सूतगिरणी
नोंद सांभाळण्याचा त्रास हे दर झाकण्याचे कारण होऊ शकत नाही, सर. येथे आपले मत जुळणार नाही.

धागाकर्ता, हिंगणा एमआयडीसी
१,३६,००० चा आकडा मी मालकांना दाखवला आणि तो त्यांना पटला. बॉयलरच्या इंधनाची नोंदवही तपासून वाफेची टक्केवारी वेगळी काढता येते का, ते या आठवड्यात पाहतो.