मदत हवी आहे: 'सैराट'चा शेवट पाहिल्यापासून मुलगी गप्प आहे

मुलगी १३ वर्षांची, आठवीत. गेल्या रविवारी घरी दोघींनी 'सैराट' पाहिला. गाणी तिला तोंडपाठ, म्हणून मीच लावला. मी २०१६ साली थिएटरात पाहिलेला, शेवट माहीत होता. तरी वाटलं, आता मोठी झालीय. शेवटी ते बाळ रक्ताची पावलं उमटवत रडत बाहेर येतं आणि आवाज कसलाच येत नाही, तिथे तिने उशी पोटाशी घट्ट धरली. तेव्हापासून दिवा चालू ठेवून झोपते. बुधवारी मेथी निवडताना हळूच म्हणाली, "आई, मी असं लग्न केलं तर बाबा असं करतील?" मी "काहीतरीच काय!" म्हणून विषय मोडला. तेच आता खातंय. पुन्हा कसं बोलू? आणि पुढच्या वेळी आधी कसं ओळखायचं?

शिरीष_क: शूटिंग कसं करतात त्याचे व्हिडिओ दाखवा. आमच्या मुलाची भुताच्या सिनेमाची भीती अशीच गेली.

रानजाई: या वयात प्रेमाचे सिनेमे दाखवायचेच कशाला? आधी तिचा मोबाईल बघा.

धागाकर्ती: रानजाई, प्रेमाचं काही नाहीये हो. ती घाबरलीय.

मेघना_स: मी शाळेत समुपदेशक आहे. शिरीष, भुतासाठी तुमचा उपाय चालतो, कारण भूत खोटं असतं. इथे रक्त खोटं असलं तरी असे खून खरंच होतात, हे तिला माहीत आहे. "तो फक्त सिनेमा होता" म्हटलं की मुलं पुढचं विचारतच नाहीत.

ताई, तुम्हीच सुरुवात करा: "त्या दिवशी मी तुझा प्रश्न टाळला, चुकलं माझं." समोर बसवून नको, पुन्हा भाजी निवडतानाच बोला. "घाबरलीस का?" विचारलं तर "नाही" येईल. "कोणता प्रसंग सारखा डोळ्यासमोर येतो?" असं विचारा आणि तिचं पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका. वडिलांबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर मात्र वडिलांनीच द्यायला हवं. आठवडाभर झोप बिघडणं मी बरेचदा पाहते. दोन-तीन आठवड्यांनीही तसंच राहिलं, जेवण किंवा शाळा टाळायला लागली, तर समुपदेशकाला भेटा.

आधी ओळखायचं तर शेवटचा अर्धा तास आदल्या दिवशी एकट्याने पुन्हा बघा. इतक्या वर्षांपूर्वीची आठवण पुरत नाही. शेवट वाईट आहे एवढं तिला सांगा आणि मग ती काय विचारते ते ऐका. "कोण मरतं?" विचारणारं मूल तयारी करत असतं. "चालेल, चालेल" म्हणत घाई करणाऱ्याचं मला जास्त वाटतं. मध्येच बंद करायला सांगायची तिला लाज वाटत नाही ना, हेही बघा. नोव्हेंबर २०२४ पासून प्रमाणपत्रावर यूए ७+, १३+, १६+ असं येतं. जुन्या चित्रपटांवर नुसतं यूए असायचं, त्यावरून तेराव्या वर्षाचं काही कळत नाही.

शिरीष_क: पटलं. हा फरक लक्षात आला नव्हता.

धागाकर्ती: काल बोललो. तिचे बाबा आधी दुखावले, "असं विचारतेच कशी?" म्हणाले. मग तिच्याजवळ बसून म्हणाले, "मी रागावेन, भांडेन, पण तुला कधीच इजा करणार नाही." ती रडली, रात्री दिवा बंद केला. सकाळी मला विचारलं, "आणि आजोबा?" पुतणीने दुसऱ्या जातीत लग्न केलं तेव्हापासून सासऱ्यांनी तिचं नाव घेतलेलं नाही, हे लेकीने पाहिलंय. मेघनाताई, याला काय सांगू?