शब्दचर्चा : डिस्चार्ज कार्डावरील ‘एसओएस’ला मराठीत काय म्हणावे?

मृद्गंध : माझ्या ७८ वर्षांच्या आजीला न्यूमोनियाच्या उपचारांनंतर शनिवारी घरी आणले. तिच्या डिस्चार्ज कार्डावर ‘पॅरासिटामॉल ५०० एसओएस’ आणि ‘पँटोप्राझोल ४० ओडी’ असे लिहिले आहे. एसओएस म्हणजे जिवावर बेतल्याशिवाय द्यायची नाही, अशा समजुतीने बाबांनी रविवारी रात्री १०१ ताप असूनही आजीला गोळी दिली नाही. पलंगाशेजारी चिकटवण्याच्या कागदावर या शब्दांसाठी काय लिहावे?

निवृत्त शिक्षक : एसओएस हा बुडत्या जहाजाचा संकटसंदेश आहे, त्यामुळे ‘आणीबाणीच्या वेळी’ हेच भाषांतर योग्य ठरेल. ओडी म्हणजे दिवसातून एकदा.

औषधविक्रेता : सर, ओडीचा अर्थ आपण बरोबर सांगितलात, परंतु औषधाच्या चिठ्ठीवरील एसओएसचा जहाजाशी संबंध नाही. ते ‘सी ओपुस सित’ या लॅटिन शब्दांचे संक्षिप्त रूप असून त्याचा अर्थ ‘गरज असेल तर’ एवढाच आहे. तरीही नुसते ‘गरज पडल्यास’ लिहून भागत नाही, कारण गरज कोणती हे घरच्यांना कळत नाही आणि मग कोणी गोळी देतच नाही, तर कोणी दर दोन तासांनी देते. म्हणून कशासाठी, किती, पुन्हा किती तासांनी आणि दिवसभरात जास्तीत जास्त किती, हे डॉक्टरांना विचारून पूर्ण वाक्यात लिहावे. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, तेव्हा ती दोनदा पोटात जाणार नाही हेही पाहावे. आणि न्यूमोनियानंतर ताप परत आला असेल, तर गोळी दिली तरी डॉक्टरांना कळवलेच पाहिजे.

सायली : माझ्या सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या कार्डावर ओडी म्हणजे उजवा डोळा होता! आम्ही थेंब दिवसातून एकदाच घालत राहिलो.

औषधविक्रेता : डोळ्यांच्या कागदावर तो अर्थ असतोच, म्हणून ती ओळ गोळीची आहे की थेंबांची, हे आधी पाहावे. शिवाय गोळी केव्हा घ्यायची, हे ओडी सांगत नाही. पँटोप्राझोल साधारणपणे सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी देतात.

मृद्गंध : आज डॉक्टरांना फोन केला. ताप परतल्याचे ऐकून त्यांनी उद्या तपासणीला बोलावले आहे. कागदावर असे लिहिले : “ताप १००च्या वर गेला तरच एक गोळी. पुढची सहा तासांनंतर. दिवसभरात तीनच. वेळ इथे लिहावी.” बाबांनी खाली पेन्सिल बांधून ठेवली आहे. आता एकच शब्द अडला आहे. कार्डावर ‘केसीओ डायबेटिस’, म्हणजे ‘नोन केस ऑफ डायबेटिस’, असे आहे, आणि ‘केस’ म्हटल्यावर आजी दचकते.

निवृत्त शिक्षक : ‘मधुमेहाचा ज्ञात रुग्ण’ असे लिहावे.

सायली : आजींना ते कसे कळणार? ‘साखरेचा त्रास आधीपासून आहे’ असे म्हणा.

औषधविक्रेता : अर्थ तोच आहे, हा आजार या वेळी नव्याने सापडलेला नाही. मात्र ‘त्रास’ म्हटले की आज काही दुखते आहे का, असे आजी विचारतील.