मदत हवी आहे: विश्वस्तांच्या सहामाही अंदाजपत्रक अहवालात कोणते आलेख ठेवू, कोणते काढू?

कीर्दखतावणी
विश्वस्तांच्या बैठकीसाठी सहामाही अहवाल बनवते आहे. नऊ विश्वस्तांपैकी दोघांनाच हिशेब वाचायची सवय आहे. मागच्या अहवालात बारा आलेख होते आणि बैठकीचा अर्धा वेळ "हा कसला रंग?" यातच गेला. या वेळी जास्तीत जास्त तीन ठेवायचे आहेत.

सध्या तयार आहेत ते असे: खर्चाच्या अकरा बाबींचा पाय चार्ट, अंदाज आणि प्रत्यक्ष यांचे जोडीने उभे बार, बँक शिल्लकीची महिनावार रेघ, आणि देणगीची रक्कम व देणगीदारांची संख्या एकाच आलेखात, दोन्ही बाजूंना वेगवेगळे अक्ष.

आकडे लाखांत, सहा महिन्यांचे. आधी अंदाज, मग प्रत्यक्ष: देणग्या ३६, आल्या २९. अनुदान २४, आले २७. पगार ३०, झाले ३१.५. इमारत दुरुस्ती ६, झाली २. छपाई ०.४, झाली ०.८. विमा १.२, भरला २.४. बाकी बाबी जवळपास अंदाजाइतक्याच. अंदाज म्हणजे वर्षाच्या आकड्याचा निम्मा. एकूण ३.१ लाख कमी दिसतात.

चौकटराजा
पाय चार्ट आधी काढा. कोनांपेक्षा एका रेषेवरून मोजलेली लांबी डोळ्याला अचूक कळते, हे क्लीव्हलंड आणि मॅकगिल यांनी १९८४ मध्येच प्रयोगाने दाखवलं आहे. जोडीच्या बारऐवजी प्रत्येक बाबीची तफावत टक्क्यांत दाखवा, म्हणजे लहानमोठ्या बाबी एका मापात येतील.

रेघोट्या
पायबद्दल सहमत, टक्क्यांबद्दल नाही. टक्क्यांत छपाई १०० टक्के जास्त दिसेल आणि पगार फक्त ५ टक्के. मग बैठक छपाईच्या चाळीस हजारांवर वाद घालेल आणि पगाराचे दीड लाख कुणाच्या नजरेलाही पडणार नाहीत. तफावत रकमेतच दाखवावी. टक्के हवेच असतील तर शेजारच्या तक्त्यात.

पण कीर्दखतावणी, आलेख निवडायच्या आधी तुमचा अंदाजाचा आकडाच तपासायला हवा. वर्षाचा निम्मा घेतल्यामुळे विमा १.२ लाखांनी जास्त झालेला दिसतोय. तो वर्षातून एकदाच आणि पहिल्या महिन्यात भरला असेल, तर सहामाहीचा अंदाजही २.४ च हवा आणि तफावत शून्य. देणग्यांचंही तेच. मागच्या तीन वर्षांत पहिल्या सहामाहीत वर्षाच्या किती टक्के देणग्या आल्या होत्या?

कीर्दखतावणी
विमा पहिल्याच महिन्यात भरलाय, बरोबर. देणग्या ४४, ३९ आणि ४७ टक्के. वर्षअखेरीला जास्त येतात.

रेघोट्या
सरासरी साधारण ४३ टक्के. वर्षाच्या ७२ लाखांवर ती सुमारे ३१.२ होते. म्हणजे देणग्यांची तूट ७ नव्हे, २.२ लाख. एवढ्या दोन दुरुस्त्यांनी तुमची ३.१ लाखांची तूट जाऊन २.९ लाख शिल्लक दिसू लागते. चुकीच्या अंदाजावर काढलेला सुबक आलेख विश्वस्तांना नको तिथे घाबरवतो.

आता याच शिल्लकीवर संशय घ्या. दुरुस्तीचे ४ लाख वाचलेत की काम पुढे गेलंय? आणि अनुदानाचे ३ लाख जास्त आलेत ते कशासाठी?

कीर्दखतावणी
काम पावसामुळे पुढे ढकललंय, पुढच्या सहामाहीत होणारच. अनुदानाचा पुढचा हप्ता लवकर आला, तो प्रशिक्षणासाठीच वापरता येतो.

रेघोट्या
मग हे दोन्ही बाजूला काढल्यावर खरी स्थिती ४.१ लाख कमी अशी आहे: देणग्या २.२, पगार १.५, छपाई ०.४. पहिला आलेख याचाच. आडव्या पट्ट्या, मध्ये शून्याची उभी रेघ. उत्पन्न कमी आलं किंवा खर्च जास्त झाला, दोन्ही डावीकडे. उत्पन्न जास्त किंवा खर्च कमी, दोन्ही उजवीकडे. म्हणजे डावीकडची पट्टी नेहमी काळजीची, वाचणाऱ्याला चिन्ह उलटं करून बघावं लागत नाही. क्रम रकमेच्या आकाराने लावा. दुरुस्ती आणि अनुदान यांच्या पट्ट्या ठेवा, पण पोकळ, फक्त कडा असलेल्या, आणि शेजारी लिहा "पुढे ढकललेले काम" आणि "प्रशिक्षणासाठीच". अर्ध्या लाखाखालच्या बाबी "इतर" मध्ये टाका. छपाईही तिथेच जाईल.

एक्सेलमध्ये दोन ठिकाणी अडतं. आडव्या बारमध्ये यादी उलटी येते, तेव्हा बाबींच्या अक्षावर `Categories in reverse order` निवडा. डावीकडच्या पट्ट्या बाबींच्या नावांवर चढतात, त्यासाठी `Label Position` ला `Low` करा.

पानसुपारी
आमच्या देणगीदारांच्या वार्षिक पुस्तिकेत पाय चार्ट सगळ्यांना आवडतो. "तुमचे पैसे कुठे गेले" हे त्याने पटकन कळतं. तो काढायचा का?

रेघोट्या
तो वेगळा वाचक आहे. देणगीदाराला फक्त वाटा बघायचाय. तीन-चार तुकडे असतील तर खुशाल ठेवा. विश्वस्तांना काहीतरी ठरवायचं असतं, आणि अकरा तुकड्यांच्या पायवरून ठरवण्यासारखं काहीच निघत नाही.

चौकटराजा
बँक शिल्लकीची रेघ तरी ठेवायची ना? सगळ्यांना तीच कळते.

रेघोट्या
कळते, म्हणूनच जपून. कीर्दखतावणी, शिल्लक किती आणि त्यातली बांधलेली किती?

कीर्दखतावणी
६२ लाख. त्यातले ४१ इअरमार्क्ड. मोकळ्या निधीतून महिन्याला साधारण ६ खर्च होतात. आमचा ठराव किमान चार महिन्यांच्या खर्चाएवढी राखीव ठेवण्याचा आहे.

रेघोट्या
म्हणजे मोकळे २१ लाख, साडेतीन महिन्यांचे. ठरावाप्रमाणे २४ हवेत. तुमची आत्ताची रेघ अनुदानाच्या हप्त्यामुळे वर जाताना दिसत असेल, आणि प्रत्यक्षात तुम्ही ठरावाच्या खाली आहात. म्हणून दुसरा आलेख फक्त मोकळ्या निधीचा: महिनावार रेघ, आणि २४ वर आडवी तुटक रेघ, तिच्यावरच "ठरावाची किमान राखीव" असं लिहून. वेगळी रंगसूची नको. अहवाल काळा-पांढरा छापला जात असेल तर लाल-हिरवा तसाही उपयोगाचा नाही.

दोन अक्षांचा आलेख काढाच. तिथे रेघा कुठे एकमेकींना छेदतात हे तुम्ही अक्ष कुठून सुरू करता यावर ठरतं, आणि विश्वस्त नेमकं त्या छेदाचंच कारण विचारतात. देणगीदारांची संख्या एका वाक्यात सांगा.

कीर्दखतावणी
तिसरा म्हणून वर्षअखेरचा देणग्यांचा अंदाज दाखवू का? ३९ टक्के धरले तर आपण ०.९ पुढेच आहोत, ४७ धरले तर ४.८ मागे.

चौकटराजा
एकच आकडा द्या. पट्टा दाखवलात की "म्हणजे नक्की काय?" हाच प्रश्न येणार.

रेघोट्या
मला पट्टा प्रामाणिक वाटतो. पण तीन वर्षांवरून काढलेला पट्टा आलेखात आला की असतो त्यापेक्षा भरवशाचा दिसतो. मी तो आलेखात न घालता पहिल्या आलेखाखाली दोन ओळींत लिहिला असता. चौकटराजाचं म्हणणं मात्र पूर्ण चूक नाही. बैठकीत भरती थांबवायची की नाही असा ठराव यायचा असेल तर एक आकडा लागेलच.

कीर्दखतावणी
तसा ठराव येणार आहे. मग दोनच आलेख ठेवते आणि अंदाजाचं अध्यक्षांना विचारून ठरवते.